ऑटोच्या हुकला राहिलेली पिशवी

रायपुरातल्या आमच्या मराठी मंडळाचं मोबाइलवर एक पान आहे. त्यावर हळदीकुंकवाचे फोटो, कोणाच्या नातवाला मिळालेले मार्क, भाड्याने खोली, आणि दर आठवड्याला एक 'मन प्रसन्न करणारा अनुभव'. ते पान चालवणाऱ्या ताईंचा मले फोन आला. "अहो, तुमची पिशवी ऑटोवाल्यानं परत आणून दिली म्हणे! लिहा ना थोडक्यात. पंधरा-वीस ओळी. शेवट गोड पाहिजे, आजकाल लोक फार निगेटिव्ह झालेत."

मी म्हटलं, लिहिते.

ताईंचे नियम मात्र पक्के होते, आणि ते चुकीचे नव्हते. ऑटोवाल्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव टाकायचं नाही. फोटोत गाडीचा नंबर दिसला तर झाकायचा. पिशवीत दागिना-रोकड असेल तर ते लिहायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळेस चोर पान वाचून येतात. पिशवी कुठे राहिली, त्याच्या लक्षात कशी आली, त्यानं तुम्हाला शोधलं कसं, एवढं साधं क्रमानं सांगायचं. "आणि हो, बक्षीस त्यानं नाकारलं ना? ते नक्की टाका, लोकांना ते फार आवडते."

बक्षीस त्यानं नाकारलं नव्हतं. आम्ही भाडं दिलं, त्यानं घेतलं. काहून नाही घेणार? डिझेल काय त्याच्या सासऱ्याचं होतं?

मी त्या ऑटोवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "लिख दो दीदी, पर मेरा नाम नको. और अंदर क्या था, वो भी मत लिखना." सकाळी तो शाळेची पोरं नेत असे. पिशवीत काय होतं ते पोरांच्या आयांना कळलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून एकही पोरगं त्याच्या गाडीत बसलं नसतं. मी लिहिलं, 'आमचं महत्त्वाचं सामान'. पंधरा ओळी झाल्या. खाली हात जोडलेली चित्रं आली, लाल बदाम आले, कोणीतरी लिहिलं, माणुसकी अजून जिवंत आहे.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यानं ऑटो विकला, शाळेची पोरं मोठी झाली. आता लिहायला हरकत नाही. त्या पिशवीत माझा भाऊ होता.

माझा धाकटा भाऊ नवा रायपुरात एका कचेरीत नोकरीला होता. तिथले रस्ते तुम्ही पाहिले असतील. इकडून तिकडे जायला माणसाला दम लागेल एवढे रुंद, मधोमध फुलझाडं, आणि माणूस औषधाला नाही. बस कधी येते ते देवाला ठाऊक, म्हणून तो स्कूटरनं जात असे. एका संध्याकाळी, चांगला उजेड असताना, कोणत्या तरी गाडीनं त्याला मागून उडवलं आणि ती निघून गेली. तो दुभाजकाच्या कडेला पडून राहिला. डॉक्टर नंतर म्हणाले, लगेच आणलं असतं तर काही करता आलं असतं. डॉक्टरांचं हे बोलणं आईनं ऐकलं. दरवाज्याशीच उभी होती ती. नेमकं तेवढंच ऐकायला आली होती जशी.

तेव्हापासून आईनं एकच धरलं. रडली नाही. पाणी दिलं तर पाणी पिली, बस म्हटलं तर बसली, आणि जो भेटायला येईल त्याला विचारायची, "कोणी थांबलं काहून नाही?"

लोक काय सांगणार? माझी मावशी म्हणाली, त्या रस्त्यावर कोणी नसतेच वं बाई. शेजारच्या काकू म्हणाल्या, त्याला काही समजलंच नसेल, झोपल्यासारखा गेला. मीही खोटं बोलले. म्हटलं, आई, त्या वेळेस एकही गाडी गेली नसेल तिथून. संध्याकाळी कचेऱ्या सुटतात, सगळ्या साहेबलोकांच्या गाड्या त्याच रस्त्यानं रायपुरात परततात, हे आईलाही माहीत होतं. ती माझ्याकडे पाहत राही आणि पुन्हा तेच विचारी.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. भावाचं लग्न झालेलं नव्हतं, वडील तर आधीच गेलेले. अग्नी मी दिला होता. भटजी थोडे कुरकुरले, तर आई म्हणाली, "हिच्याशिवाय आहे कोण? तुम्ही देता का?" भटजींनी मग मंत्र सुरू केले. त्या दिवशीही बायकांनी मसणात येऊ नये वगैरे झालंच, पण आई ऑटोत आमच्या आधी जाऊन बसली होती. मी, माझा नवरा आणि आई, असे तिघं गेलो.

अस्थी मडक्यात भरल्या, वरून लाल फडकं बांधलं. मडकं धरायला गरम लागत होतं, म्हणून नवऱ्यानं घरून आणलेल्या पिशवीत ते ठेवलं. पिशवी म्हणजे पंडरीच्या कापडबाजारातली, साड्या घेतल्यावर देतात ती जाड कापडाची, लांब बंदांची. रायपुरात प्रत्येक घरात दाराच्या मागे तशा पिशव्या लटकलेल्या असतात. भाजी त्यातच, डबा त्यातच, आणि त्या दिवशी माझा भाऊ त्यातच.

भटजींनी तीन गोष्टी बजावून सांगितल्या. अस्थी घरात न्यायच्या नाहीत. संगमापर्यंत जमिनीवर टेकवायच्या नाहीत. आणि आता इथून निघालात की मागे वळून पाहायचं नाही. "काही झालं तरी वळायचं नाही, त्याचा जीव अडकतो," असं म्हणाले. राजिमच्या संगमावर दुसरे भटजी सांगून ठेवले होते. त्याच दिवशी विसर्जन करायचं होतं. घरात न्यायच्या नाहीत, तर रात्रभर ठेवणार कुठे?

मसणवट्याच्या फाटकाशी ऑटो उभा होता. दुसरे मिळाले असते, पण ते शेअरवाले, सवाऱ्या कोंबून नेणारे. हा म्हणाला, "रिजर्व में ले जाऊँगा, बस स्टैंड तक." म्हणजे पूर्ण गाडी आपली, मधे कोणी बसणार नाही. बरं झालं म्हटलं. हातात मसणातली पिशवी घेऊन कोणाच्या मांडीला मांडी लावणार?

आईनं पिशवी माझ्या हातातून घेतली. "मले दे. माझ्या मांडीवर बसू दे त्याले."

मी तिला आधी आत बसवलं आणि तिच्या बाजूला बसले.

रस्ता खोदून ठेवला होता. ऑटो असा उसळत होता की आमची डोकी वरच्या कापडाला लागत होती. आईच्या मांडीवर मडकं. प्रत्येक खड्ड्याला आत खडखड व्हायची. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं, गाडी हळू केली आणि म्हणाला, "दाई, टूट जाएगा. यहाँ टाँग दो." छत्तीसगढीत आईला दाई म्हणतात. त्याच्या सीटच्या मागे आडवा गज होता, त्याला हुक. हुकला त्याची स्वतःची एक पिशवी आधीच होती. जमिनीवर तर ठेवायचं नव्हतं, मांडीवर फुटायची भीती. आईनं स्वतःच्या हातानं पिशवी हुकला लावली. बंदांना एक पीळ दिला आणि पिशवीवर हात ठेवून बसली.

बस स्टँडवर राजिमची बस सुटायला लागली होती. कंडक्टर दार ठोकत 'अभनपुर-राजिम, अभनपुर-राजिम' ओरडत होता. नवऱ्यानं धावत जाऊन बस थांबवली. मी सामान काढलं, पूजेची पिशवी, पाण्याचा डबा, आईची काठी. आईला दंडाला धरून उतरवलं. आणि आम्ही तिघंही, नेक माणसं बिचारी, भटजींनी सांगितलं म्हणून समोर पाहत चालत गेलो. कोणी मागे वळून पाहिलं नाही. एरवी रिक्षातून उतरल्यावर सीटवर हात फिरवून पाहायची सवय असते ना माणसाला? छत्री राहिली का, रुमाल राहिला का? ते त्या दिवशी आम्ही तिघांनी ठरवून केलं नाही.

बसमध्ये आई खिडकीशी बसली. मी तिच्याजवळ, नवरा पुढे उभा. मले वाटलं पिशवी नवऱ्याजवळ आहे, कारण पुरुषमाणसाच्या हातात असणार. नवऱ्याला वाटलं आईच्या मांडीवर आहे, कारण ती सोडणारच नाही. आणि आईला? आईला काय वाटलं ते मी तिला कधी विचारलं नाही. तिची मांडी रिकामी होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे होते.

अभनपुर आलं. धानाच्या पोत्यांचे ट्रक रस्त्यात आडवे लागले होते, बस थांबली. आई एकदम उभी राहिली.

"पोट्टा कुठं आहे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं माझ्याकडे. अरे देवा! नवरा सीटखाली वाकून पाहू लागला. मी म्हटलं, खाली काय पाहता, खाली ठेवायचंच नव्हतं ना! तेवढ्यात आईला आठवलं. तिचा हात हवेत वर गेला, हुकला काहीतरी अडकवतो तसा, आणि तिथेच राहिला.

"मी टांगला त्याले," आई म्हणाली. "मी टांगला आन् सोडून आली."

आम्ही उतरलो. कंडक्टर ओरडला, तिकीट राजिमचं आहे, पैसे परत मिळणार नाहीत. नवरा त्याच्यावर असा खेकसला की त्यानं दार लावून घेतलं.

आता ऑटोवाल्याला शोधायचं कसं? मोबाइलवरून बोलावलेली गाडी असती, तर नंबर, नाव, सगळं मोबाइलमध्ये राहिलं असतं. ही रस्त्यात हात दाखवून थांबवलेली. नवऱ्यानं पोलिसांना फोन लावला. तिकडचा माणूस वाईट बोलला नाही, पण त्याचे प्रश्न ठरलेले होते. गाडी नंबर? माहीत नाही. मागे काही लिहिलेलं? पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं! ड्रायव्हरचा चेहरा? पाठ पाहिली, खांद्यावर गमछा. "साहब, रायपुर के आधे ऑटोवाले गमछा डालते हैं." कोणत्या वेळेला बस स्टँडवर उतरलात ते सांगा, चौकातल्या कॅमेऱ्यात पाहू, पण वेळ लागेल, ठाण्यात येऊन लेखी द्यावं लागेल. सामान काय होतं? नवऱ्यानं सांगितलं. त्यानं लेखीचं पुन्हा नाव काढलं नाही. मग तो म्हणाला, "स्टैंड में पूछवाता हूँ."

आणि पिशवी तर अशी की शंभर पिशव्यांत ओळखू येणार नाही. कोणी सवारी आपली समजून घेऊन गेली असेल. पोराटोरांनी उघडून फेकली असेल. घाबरून नाल्यात टाकली असेल, तेही आपल्या शहरात चालते. हे सगळं माझ्या डोक्यात येत होतं, आणि ते आईच्याही डोक्यात येत आहे हे मले तिच्या तोंडाकडे पाहून समजत होतं.

एका खताच्या दुकानाच्या पायरीवर तिला बसवलं. दुकानदारानं पाणी दिलं, विचारलं काय झालं. आईनं त्याला सांगितलं नाही. तिनं त्यालाही तेच विचारलं, मराठीत, "त्याच्यासाठी कोणी थांबलं काहून नाही?" त्याला वाटलं, आमची बस थांबली नाही. तो म्हणाला, "अम्मा, दूसरी आ जाएगी."

नवरा म्हणाला, आपण रायपुरात परत जाऊ, स्टँडवर बसू. आई उठेना. "मी परत नाही जात. त्याले घेऊन निघाली, त्याच्याशिवाय घरी नाही जात. अन् पुढं तरी कशी जाऊ?" ऊन चढत होतं. तिला ना पुढे रस्ता, ना मागे. मी तिच्या बाजूला बसले आणि मले तिचा राग आला, खरं सांगते. आपल्या आईचा राग, भटजीचा राग, त्या गाडीवाल्या साहेबांचा राग. सगळ्यांना ओळीनं उभं करून थोबाडावं असं वाटत होतं. जेवायची वेळ टळून गेली. आम्ही तिथेच.

मग नवऱ्याचा फोन वाजला. मसणवट्यातला माणूस होता. सकाळी त्यानंच फोन करून सांगितलं होतं, गर्दी व्हायच्या आधी या, म्हणून नवऱ्याचा नंबर त्याच्याजवळ होता. तो म्हणाला, "भैया, आपका फूल इधर आ गया है. लो, बात करो." अस्थींना आमच्याकडे हिंदीत फूल म्हणतात.

ऑटोवाला बोलला. त्याची सगळी हकीकत नंतर त्याच्याच तोंडून ऐकली, पण इथेच सांगते. आम्हाला उतरवल्यावर त्याला लगेच सवाऱ्या मिळाल्या. मग तो शेअरमध्ये फिरत राहिला, स्टेशन, पंडरी, पुन्हा स्टेशन. मागे माणसं कोंबलेली, त्यांच्या गुडघ्याला दोन पिशव्या घासत होत्या, एक त्याची, एक आमची. दोन्ही एकाच बाजारातल्या. दुपारी एका झाडाखाली गाडी लावली, जेवायला म्हणून हात मागे घातला आणि हाताला आली ती पिशवी मांडीवर घेतली. डबा उघडायला गेला, तर लाल फडकं.

"मैं समझ गया, दाई. मेरे बाबूजी को भी ऐसे ही बाँधे थे."

त्यानंतर त्यानं जेवण केलं नाही. स्टँडवरच्या बाकी ऑटोवाल्यांना विचारलं. कोणी म्हणालं, ठाण्यात दे. कोणी म्हणालं, ठाण्यात गेला तर दिवसभर बसवतील, कोणाचं आहे, तुझ्याकडे कसं आलं, शंभर प्रश्न, गाडी आत लावून घेतील. कोणी म्हणालं, नदीत सोडून दे, पुण्य लागेल, विषय संपला. त्याला ते पटलं नाही. ज्यांचं आहे त्यांच्या हातून जायला पाहिजे, असं तो म्हणाला. त्याला आमचा पत्ता माहीत नव्हता, पण आम्हाला कुठून बसवलं ते माहीत होतं. म्हणून सवाऱ्या सोडून तो मसणवट्याच्या फाटकाशी परत गेला. तिथल्या माणसानं मडकं आणि फडकं पाहून सांगितलं, हे सकाळचे मराठी लोक, ज्यांची म्हातारी सोबत आली होती. आईनं हट्ट केला म्हणून आमची ओळख राहिली. बायका येत नाहीत ना तिथे.

नवरा म्हणाला, तिथेच थांब, आम्ही अभनपुरहून येतो. तो म्हणाला, "आप लोग अभनपुर में हो ना? वहीं रुको. मैं लाता हूँ." शहरातल्या ऑटोला एवढ्या दूर यायची परवानगी नसते, परमिट शहरापुरतं असते. रस्त्यात कोणी धरलं तर चालान. त्यानं ते फोनवर बोलूनही दाखवलं, आणि तरी निघाला.

ऑटो येताना आम्हाला दुरून दिसला, ट्रकांच्या मधून. मागे एकही सवारी नव्हती. हुकला पिशवी होती आणि त्यानं आपला गमछा काढून ती गजाशी घट्ट आवळून बांधली होती, हलू नये म्हणून. त्यानं गाठ सोडली. त्याचे हात काळे, ग्रीसचे. हात आपल्या शर्टाला पुसून त्यानं पिशवी दोन्ही हातांनी आईपुढे धरली.

"गलती होगे दाई," तो म्हणाला. "मोला पहिली देख लेना रहिस." त्यानं आधीच पाहायला पाहिजे होतं म्हणे. चूक आमची, माफी तो मागत होता.

पंधरा ओळींच्या अनुभवात मी इथपर्यंत आले होते आणि थांबले होते. ताईंना एवढंच हवं होतं. आईच्या डोळ्यांत अश्रू तरळले, असं एक वाक्य ताईंनी आपल्या मनानं घातलं. ते साफ खोटं. आईनं पिशवी छातीशी धरली, आत मडकं शाबूत आहे का हातानं चाचपलं, आणि त्या माणसाकडे डोळे रोखून पाहिलं. धन्यवाद नाही, आशीर्वाद नाही. मले वाटलं, आता ही त्याला शिव्या देते की काय.

ती मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "बेटा, मेरा लड़का नवा रायपुर के रोड पे पड़ा था. बहुत देर. तुम उधर से जाते, तो रुकते क्या?"

मी म्हटलं, "आई, पुरे. त्यानं एवढं केलं आणि तू..." तिनं हात वर करून मले गप्प केलं.

मले खात्री होती की तो हो म्हणेल. कोणीही म्हणेल. ज्या माणसानं सवाऱ्या टाकल्या, जेवण टाकलं, चालानची पर्वा केली नाही, तो दुसरं काय म्हणेल? हो म्हणाला असता तर आम्हीही मान डोलावली असती आणि पान गोड झालं असतं.

तो गमछ्याची घडी करत राहिला.

"नहीं, दाई," तो म्हणाला. "नहीं रुकता."

नवरा म्हणाला, "अरे यार, काय बोलतोस..."

"झूठ नहीं बोलूँगा. एक बार मैंने देखा था, ऐसे ही एक आदमी को. खून निकल रहा था, हाथ हिला रहा था. गाड़ी में सवारी बैठी थी. वो बोली, चलो चलो, पुलिस का लफड़ा होगा. मैं भी डर गया. आगे निकल गया." तो आईकडे पाहत नव्हता. "अब लोग बोलते हैं, उठाने वाले को पुलिस कुछ नहीं करती. बोलते हैं. पर डर तो लगता है, दाई. मरे हुए का डर नहीं लगता. जिंदे का लगता है."

खताच्या दुकानातलं माप थांबलं. दुकानदारही ऐकत होता.

आईच्या तोंडातून एक आवाज आला. मी तिला बापाच्या वेळेस रडताना पाहिलं होतं, पण हा आवाज तो नव्हता. ती त्या पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, आणि असं रडली की रस्त्यावरची माणसं उभी राहिली. तीन दिवसांचं एकदम आलं. "माह्या पोट्ट्यानं हात हलवला असंल," ती म्हणत होती. "हात हलवला असंल त्यानं, अन् हे सगळे पाहून गेले असतील." मी तिला धरलं. मी पुन्हा एकदा म्हणणार होते की नाही आई, तिथून कोणी गेलंच नाही. पण ते आता कोणत्या तोंडानं म्हणणार? त्या माणसानं आम्हा सगळ्यांचं खोटं त्या पायरीवर संपवून टाकलं होतं. मीही रडले. नवरा ट्रकाच्या मागे जाऊन उभा राहिला.

ऑटोवाला तिथेच, मान खाली घालून. "झन रो दाई," एवढंच म्हणत होता. नको रडू.

पुष्कळ वेळानं आईनं पदरानं तोंड पुसलं. त्याला म्हणाली, "तू खरं बोलला. इतक्या लोकाईतून तू एकटा खरं बोलला." त्याला मराठी समजलं की नाही कोण जाणे. मग हिंदीत म्हणाली, "अब कोई पड़ा दिखा तो रुकेगा?"

"हव, दाई."

"सवारी बोली, चलो चलो, तो?"

तो विचार करत होता बिचारा, खरंच करत होता. "उतार दूँगा सवारी को," तो म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

दिवस कलायला लागला होता. पुढच्या बसचा पत्ता नव्हता. आई उठली आणि कोणाला न विचारता त्याच्या ऑटोत जाऊन बसली. नवरा त्याला म्हणाला, राजिमपर्यंत येतोस का. तो आधी रस्त्याकडे पाहू लागला, चालानवाले असतील का म्हणून, मग त्यानं गाडी चालू केली.

या वेळेस आईनं पिशवी हुकला लावली नाही. मांडीवर घेतली, एका हातानं आवळून धरली आणि दुसऱ्या हातानं ऑटोचा गज. मी म्हटलं, आई, मागे टेकून बस, डोळे मीट जरा. तिनं ऐकलं नाही. ती बाहेर वाकून बसली होती. बांध, नाले, झुडपं, रस्त्याच्या कडेला जिथं जिथं सावली होती, तिथं तिथं तिची नजर जात होती. एका ठिकाणी पुलाशी कोणाचं तरी धानाचं पोतं पडलेलं होतं. आई ओरडली, "थांब! थांब रे!"

त्यानं करकचून ब्रेक मारला. उतरून, चालत जाऊन, वाकून पाहून आला.

"बोरा है, दाई," तो म्हणाला.

आईनं मान हलवली. "बरं. चल."

संगम येईपर्यंत तिनं त्याला आणखी दोनदा थांबवलं. दोन्ही वेळेस तो उतरून पाहून आला.